इस्त्री तापेना, आणि तापली तर थांबेना

सुरुवातीलाच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या मॅडम दुरुस्त करतीलच. पण विषय असा आहे की तो इंग्लिशमध्ये लिहिला तर आमच्या विंगमधल्या कोणी वाचणार नाही, आणि तो सगळ्यांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं. विषय आहे इस्त्री. स्टीमवाली नाही, आपली साधी, कोरडी, साडेसातशे वॅटची, जी हॉस्टेलमध्ये एका रूमची असते आणि अख्ख्या विंगची होते.

गेल्या सेमिस्टरला, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री, आमच्या रूमची इस्त्री मेली. रात्रीचे साडेनऊ. दारात हातात फॉर्मल शर्ट घेऊन सात जणी उभ्या. आणि मी इलेक्ट्रिकलची! मग काय, "अगं, तू करशील ना? तुमचंच तर डिपार्टमेंट!" अशी गळ पडली. मी ती इस्त्री पंचवीस मिनिटांत चालू केली. टाळ्या मिळाल्या. आणि पुढच्या दहा मिनिटांत मला कळलं की मी ती दुरुस्त केलीच नव्हती, उलट जास्त धोक्याची करून ठेवली होती. हा लेख त्या चुकीबद्दल आहे. पण चूक समजायला आधी इस्त्री समजायला हवी, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी बाहेरून

भिवंडीत काहीही बंद पडलं की पहिला दोष 'लाइट'ला जातो. जानेवारी २००७ मध्ये इथलं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे गेलं, पण "लाइटच डीम असेल" हे वाक्य आहे तिथेच आहे. तर हा संशय पहिल्यांदा काढून टाकू. व्होल्टेज कमी असलं तर इस्त्री हळू तापते, पण तापते. वॅट हे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. म्हणजे २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर ७५० वॅटची इस्त्री साधारण ५१० वॅटवर चालेल. शर्टाला वेळ लागेल, इतकंच. थंडगार इस्त्रीला डीम लाइट जबाबदार नसतो. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पाहा. तो लागला तर सॉकेट निर्दोष आणि आजार इस्त्रीच्या आत.

दुसरी गोष्ट, इस्त्रीच्या मालकिणीला विचारा की मरायच्या आधी ती कशी वागत होती. हा प्रश्न मी त्या रात्री विचारला नाही. उत्तर फार महत्त्वाचं होतं, ते पुढे येईलच.

आता पिन सॉकेटमधून काढा. स्विच नुसता बंद करून चालणार नाही, पिन बाहेर, आणि ती तुमच्या डोळ्यांसमोर राहील अशी. इस्त्री पूर्ण थंड होऊ द्या. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि पिनच्या दोन बारीक दांड्यांना मीटरच्या दोन तारा लावा. जाड आणि लांब दांडी अर्थिंगची, तिला सध्या हात नको.

मीटरवर किती यायला हवं? फर्स्ट इयरचं गणित आहे. २३० × २३० ÷ ७५० = ७०.५. म्हणजे सत्तरच्या आसपास ओहम. एलिमेंट नायक्रोमचं असतं आणि नायक्रोमचा रेझिस्टन्स थंड असताना आणि तापल्यावर जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे थंड इस्त्रीवर मोजलं तरी उत्तर याच्या जवळ येतं. १००० वॅटची असेल तर साधारण ५३ ओहम.

इथे एक गंमत आहे. हे मोजताना नॉब 'ऑफ'वर असेल तर चांगल्या इस्त्रीवरही मीटर OL दाखवेल, कारण 'ऑफ'चा अर्थच सर्किट तुटलेलं असा आहे. म्हणून नॉब आधी पूर्ण फिरवून 'कॉटन'वर न्या, मगच मोजा. आमच्या इस्त्रीचा नॉब कॉटनवर होता आणि तरीही मीटरवर OL. म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली.

ती वाट फार सरळ आहे. पिनमधून फेज कॉर्डमध्ये येतो, कॉर्डमधून थर्मोस्टॅटमध्ये, तिथून थर्मल फ्यूजमध्ये, तिथून एलिमेंटमध्ये आणि न्यूट्रलने परत. सगळे एका रांगेत, सिरीजमध्ये. मेसच्या रांगेसारखं, मधला एक जरी थांबला तरी मागचे सगळे थांबले. तो एक कोण, एवढंच शोधायचं.

पहिला संशयित: कॉर्ड

दहातल्या निम्म्याहून जास्त वेळा चोर हाच असतो, असं आमच्या हॉस्टेलचे वायरमन काका म्हणतात. आणि तो जवळपास नेहमी एकाच जागी सापडतो, इस्त्रीच्या मागे जिथे कॉर्ड रबरी नळीतून आत शिरते तिथे. कारण साधं आहे. आपण इस्त्री पुढे-मागे ढकलतो तेव्हा कॉर्ड सगळीकडे सारखी वाकत नाही, त्या मानेपाशीच वाकते. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांचा झुबका असतो. त्यातल्या एकेक तारा तुटत जातात. वरचं सुती वेष्टण मात्र जसंच्या तसं राहतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. त्यात आपण मुली इस्त्री गरम असतानाच कॉर्ड तिच्याभोवती गुंडाळून कपाटात ठेवतो. वाकवणं आणि भाजणं दोन्ही एकदम.

ओळखायची खूण अशी की अशी कॉर्ड एकदम मरत नाही. आधी काही दिवस इस्त्री "हलवली की लागते" अशी वागते. मीटर लावून ठेवा आणि मानेपाशी कॉर्ड हळूहळू वाकवा. OL जाऊन मधेच सत्तर दिसलं आणि परत गेलं, तर चोर सापडला. हा प्रयोग पिन सॉकेटमध्ये ठेवून, इस्त्री चालू करून करू नका. बऱ्याच जणी तसंच करतात, आणि तुटक्या तारा आत ठिणग्या पाडत असतात.

आमची कॉर्ड हलवून काहीच फरक पडला नाही. तरी खात्री करायला मागचं झाकण उघडलं. साधारण एका स्क्रूचं काम असतं. आत तीन टर्मिनल दिसतात. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पिनच्या प्रत्येक दांडीपासून तिच्या टर्मिनलपर्यंत मोजलं, तिन्ही तारा शून्याच्या जवळ. कॉर्ड निर्दोष.

तुमची कॉर्ड तुटलेली निघाली तर एकच सांगते, टेप मारून जोडू नका. ती जागा रोज हजार वेळा वाकणारी आहे आणि खाली गरम लोखंड आहे. मानेपासून वीत-दीड वीत कापून टाका आणि चांगला भाग परत टर्मिनलला लावा, किंवा कॉर्डच बदला. लावताना हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. उद्या कॉर्ड ओढली गेली तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. कॉर्डला धरून ठेवणारी पट्टीही विसरू नका, नाहीतर सगळा ओढा टर्मिनलच्या स्क्रूवर येतो.

दुसरा संशयित: नॉब आणि त्याच्याखालचा थर्मोस्टॅट

नॉब म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे. नॉब ही नुसती प्लॅस्टिकची टोपी. तिच्याखाली एक दांडी, आणि दांडीच्या खाली तळाला चिकटून बसलेला थर्मोस्टॅट. टोपी जुनी झाली की आतून तडकते. मग ती वर गोल फिरते, 'नायलॉन'पासून 'कॉटन'पर्यंत सगळी चिन्हं येतात-जातात, पण खाली दांडी जागेवरच. दांडी 'ऑफ'वर अडकली असेल तर इस्त्री तापणारच नाही आणि आपण एलिमेंटला शिव्या देणार. म्हणून नॉब अलगद वर ओढून काढा आणि दांडी पकडीने किंचित फिरवून पाहा. इस्त्री थंड असताना 'ऑफ' सोडलं की 'टिक' असा बारीक आवाज यायला हवा. नुसती टोपी गेली असेल तर दहा-वीस रुपयांचं काम.

ती 'टिक' म्हणजे काय? थर्मोस्टॅटमध्ये दोन धातू एकमेकांना चिकटवलेली एक पट्टी असते, बायमेटल. तापल्यावर एक धातू जास्त लांबतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते. पुरेशी वाकली की ती एका छोट्या पात्याला ढकलते आणि दोन कॉन्टॅक्ट झटकन वेगळे होतात. करंट तुटला, इस्त्री निवू लागली, पट्टी सरळ झाली, टिक, परत चालू. नॉब फिरवून आपण फक्त एवढंच ठरवतो की पट्टीने किती वाकल्यावर कॉन्टॅक्ट तोडायचे. नॉबवरचे ठिपके पाहिलेत का? एक ठिपका म्हणजे तळ सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५० पर्यंत, तीन म्हणजे २०० पर्यंत. आपल्या भिवंडीच्या साच्यांवर पॉलिस्टर आणि मिक्स कापड किती विणलं जातं ते तुम्हाला माहीत आहेच. त्या कापडाला हे ठिपके फार जवळचे, कारण पॉलिस्टर २५०-२६० अंशांना चक्क वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी चकाकायला आणि चिकटायला लागतं.

थर्मोस्टॅटची नेहमीची तक्रार म्हणजे कॉन्टॅक्टवर काजळी बसते आणि ते मिटूनही करंट जात नाही. मीटर थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना लावला की शून्याऐवजी OL किंवा भलताच आकडा येतो. काजळी हलकी असेल तर झिरो पॉलिश पेपरची पट्टी दोघांच्या मधून एक-दोनदा ओढून ती निघते. पण जवळच एक सेटिंगचा बारीक स्क्रू असतो, त्याला हात लावू नका. तो अर्धा फेरा फिरला तरी तीन ठिपक्यांचा अर्थ बदलून जातो.

मी आमच्या थर्मोस्टॅटला मीटर लावला. नॉब कॉटनवर. बीप! शून्य ओहम. "थर्मोस्टॅट ओके," मी सगळ्यांना सांगितलं.

माझी चूक इथे झाली. पण ती मला त्या वेळी दिसली नाही. तुम्हाला दिसली का?

तिसरा संशयित: थर्मल फ्यूज

आता उरले दोघे. एलिमेंटच्या दोन टोकांवर मोजलं तर ७१ ओहम, एकदम तंदुरुस्त. (हे नशीबच, कारण हलक्या इस्त्रीत एलिमेंट तळातच ओतलेलं असतं. ते गेलं की तळ बदलावा लागतो, म्हणजे जवळपास नवी इस्त्री.) मग थर्मोस्टॅट आणि एलिमेंटच्या मध्ये पांढऱ्या काचेच्या धाग्याच्या नळीत बसवलेली एक छोटी चांदीसारखी कुपी दिसली. औषधाच्या कॅप्सूलपेक्षाही बारीक. तिच्यावर २४० अंश आणि १० अँपिअर असं छापलेलं. मीटर लावला, OL. चोर सापडला!

हा थर्मल फ्यूज आपल्या मीटरच्या बोर्डवरच्या फ्यूजसारखा नसतो. बोर्डवरचा फ्यूज किंवा एमसीबी करंट जास्त झाला तर उडतो. हा करंटमुळे नाही, तापमानामुळे उडतो. कुपीत एका खास पदार्थाची छोटी गोळी असते आणि तिच्या आधाराने एक स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. ठरलेल्या तापमानाला गोळी वितळते, आधार जातो, स्प्रिंग सुटते आणि आतला कॉन्टॅक्ट कायमचा तुटतो. थंड झाल्यावर तो परत जुळत नाही. एकदाच वापरायची वस्तू.

आता विचार करा. इस्त्रीचा थर्मोस्टॅट तीन ठिपक्यांवरही २०० च्या आसपास तोडतो, थोडं पुढे-मागे होऊन. मग २४० चा फ्यूज उडालाच कसा? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पण दारात सात जणी होत्या. एक जण म्हणाली, "माझा दादा तर असले फ्यूज डायरेक्टच करतो." बाजारात कुठेही इस्त्री दिली तर हाच शब्द ऐकू येतो. 'डायरेक्ट', म्हणजे फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी तारेचा तुकडा. पाच मिनिटांचं काम, इस्त्री चालू, गिऱ्हाईक खूश.

मीही तेच केलं. तार जोडली, झाकण लावलं, पिनवर मोजलं, ७१ ओहम. पिन लावली, लाल दिवा लागला. टाळ्या!

मग काय झालं

पहिला शर्ट झाला. दुसरा झाला. तिसरा माझ्या रूममेटचा, पॉलिस्टरचा. तिने नॉब एका ठिपक्यावर आणला आणि इस्त्री टेकवली. कापड चरचरलं आणि तळाला चिकटलं. मी दिव्याकडे पाहिलं. एक ठिपका असूनही दिवा लागलेलाच. नॉब आणखी मागे फिरवून 'ऑफ' केला.

दिवा लागलेलाच राहिला.

मी पिन ओढून काढली. दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग रूममेट हळूच म्हणाली, "अगं, गेल्या आठवड्यापासून ती जरा जास्तच तापत होती. माझा दुपट्टा जळला ना? मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं." सुरुवातीला विचारायचा राहिलेला प्रश्न तो हाच.

थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. अक्षरशः वेल्ड झाले होते. मी मीटर लावला तेव्हा 'बीप' आला तो थर्मोस्टॅट चांगला होता म्हणून नाही, तर तो कधीच उघडू शकत नव्हता म्हणून. चालू होतो का, एवढंच मी तपासलं. बंद होतो का, हे तपासलंच नाही. नॉब 'ऑफ'वर नेऊन आणखी एकदा मीटर बघायला मला पाच सेकंद लागले असते.

कॉन्टॅक्ट चिकटतात का? प्रत्येक वेळी ते उघडतात तेव्हा मध्ये क्षणभर ठिणगी उडते, आणि तिथला धातू किंचित वितळतो. नंतर आम्ही घड्याळ लावून पाहिलं तेव्हा चांगली इस्त्री उभी ठेवली असताना साधारण दीड मिनिटाला एकदा टिक करत होती, म्हणजे तासाला चाळीस वेळा. आमची इस्त्री अख्ख्या विंगची, रोज दीड तास तरी चालणारच. दिवसाला साठ, वर्षात दोनशे दिवस धरले तरी बारा हजार ठिणग्या. घरच्या इस्त्रीला जे दहा वर्षांत होतं, ते हॉस्टेलच्या इस्त्रीला दोन-तीन वर्षांत होतं.

आणि सगळ्यात भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. "एमसीबी आहे ना, तो पडला असता," असं एक जण म्हणाली. नसता पडला. थर्मोस्टॅट चिकटलेला असताना इस्त्री किती करंट घेते? ७५० ÷ २३०, म्हणजे ३.२६ अँपिअर. चांगली असताना किती घेते? तितकाच. फरक फक्त इतका की चांगली इस्त्री मधेमधे थांबते आणि ही थांबत नाही. एमसीबीला करंट कळतो, तापमान कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं नॉर्मल. गळती शोधणारा ब्रेकरही गप्प, कारण गळती काही नाहीच. इस्त्री गादीवर राहिली आणि आपण मेसला गेलो, तर पूर्ण इमारतीत ही गोष्ट लक्षात येणारी वस्तू एकच, ती चांदीची कुपी. आणि तीच मी काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट सरांना सगळं खरं सांगितलं. ते ओरडले आणि मग म्हणाले, "चल, मोजूनच बघू." इस्त्री फायरब्रिकवर ठेवली, तळाला थर्मोकपल लावला, सर स्विचवर हात ठेवून उभे राहिले. तारेने डायरेक्ट केलेली तीच इस्त्री, नॉब 'ऑफ'वर. सव्वादोन मिनिटांत २०० अंश. तीन मिनिटांच्या आतच २४०, म्हणजे फ्यूज जिथे उडाला असता ती जागा गेली. चौथ्या मिनिटाला २८० आणि आकडा चढतोच आहे. सरांनी बंद केलं. नॉब 'ऑफ'वर होता, हे परत एकदा वाचा.

खरी दुरुस्ती

वायरमन काका पूर्वी साच्यांच्या कारखान्यात होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साच्यात बाणा तुटला की साचा थांबवणारा एक काटा असतो. काही जण कंटाळून तो काटा बांधून ठेवतात. साचा धावतो, आवाज मस्त येतो, पण कापड निघत नाही. पोरी, थांबवणारी वस्तू तुटली की आधी विचारायचं, तिने कशासाठी थांबवलं." मला वाटतं, माझ्या अख्ख्या लेखाचं सार काकांनी दोन वाक्यांत सांगितलं.

तर फ्यूज उडाला असेल तर कारण शोधायचं. कारणं फार नसतात. एक, थर्मोस्टॅट चिकटला. दोन, थर्मोस्टॅट तळाला धरणारा स्क्रू ढिला झाला, त्यामुळे तळ तापतो पण पट्टीला ते उशिरा कळतं. तीन, कोणीतरी तो सेटिंगचा स्क्रू फिरवला. आणि चार, कधीकधी फ्यूज नुसता म्हातारा होऊन जातो, कारण वर्षानुवर्षं तो आपल्या मर्यादेच्या जवळच्या उष्णतेत बसलेला असतो. चौथं कारण मानायचं ते पहिली तीन तपासल्यावरच.

आम्ही थर्मोस्टॅट आणि फ्यूज दोन्ही नवीन आणले. चिकटलेले कॉन्टॅक्ट टिचकी मारून सुटतात, पण तिथला धातू खडबडीत झालेला असतो आणि ते लवकरच परत चिकटतात, म्हणून घासून वापरायचा मोह टाळला. दोन्हींचे मिळून सव्वाशे रुपये गेले. बाजारात १८५ चा, २१६ चा, २४० चा असे वेगवेगळे फ्यूज मिळतात. जुन्यावर जो आकडा असेल तोच घ्यायचा. कमी आकड्याचा घेतला तर कॉटनवरच उडेल, जास्तीचा घेतला तर उशिरा उडेल.

बसवताना दोन गोष्टी सरांनी शिकवल्या, त्या मला माहीत नव्हत्या. पहिली, थर्मल फ्यूजला सोल्डर करायचं नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० च्या वर असतं, ती उष्णता तारेतून आत जाते आणि नवा फ्यूज जोडता जोडताच उडतो. शिवाय इस्त्रीच्या उष्णतेत साधं सोल्डर टिकतही नाही. म्हणून धातूची छोटी नळी दोन्ही तारांवर चढवून पकडीने घट्ट चेपायची. दुसरी, त्या कुपीच्या अंगाला करंट असतो. म्हणून ती काचेच्या धाग्याच्या नळीतच बसली पाहिजे आणि नळी तळाला क्लिपने घट्ट टेकलेली पाहिजे. नळी नसेल तर तळाला शॉक, आणि क्लिप ढिली असेल तर फ्यूजला उष्णता कळणारच नाही.

झाकण लावल्यावर, पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी, तीन मोजण्या. नॉब कॉटनवर, बारीक दांड्यांमध्ये ७१ ओहम. नॉब 'ऑफ'वर, OL. (हीच ती पाच सेकंदांची मोजणी!) आणि जाड दांडीपासून इस्त्रीच्या तळापर्यंत एक ओहमपेक्षा कमी, म्हणजे अर्थिंग शाबूत. यानंतर लॅबमध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने दोन्ही बारीक दांड्या एकत्र करून तळाशी इन्सुलेशन तपासलं. आमचं ५० मेगाओहमच्या वर आलं. ही शेवटची तपासणी साध्या मल्टीमीटरने होत नाही, कारण त्याची बॅटरी फार कमी व्होल्टची असते. ज्यांच्याकडे मेगर नाही त्यांनी इथे थांबून इस्त्री वायरमन काकांकडे किंवा लॅबमध्ये न्यावी. त्यात कमीपणा नाही.

मग इस्त्री विटेवर उभी करून एका ठिपक्यावर चालू केली आणि दहा मिनिटं नुसती ऐकत बसलो. टिक, दिवा गेला. टिक, दिवा आला. परत टिक. इतका सुंदर आवाज मी सेमिस्टरभर ऐकला नव्हता.

जाता जाता दिव्याबद्दल

तुमच्याकडे मीटर नसेल तर निदान दिव्याकडे बघायची सवय लावा. आमच्या इस्त्रीत दिवा एलिमेंटला समांतर आहे. असा दिवा लागलाय पण इस्त्री थंड, तर कॉर्ड, थर्मोस्टॅट आणि फ्यूज पार करून करंट पोचतोय आणि एलिमेंट गेलंय. काही इस्त्र्यांमध्ये दिवा फ्यूजच्या अलीकडे जोडलेला असतो, तिथे हीच खूण फ्यूज उडाल्याचीही असू शकते. दिवाच लागत नाही, तर कॉर्ड आणि नॉबपासून सुरुवात करा. आणि इस्त्री चालू झाल्यावर पाच मिनिटं झाली तरी दिवा एकदाही गेला नाही, तर कपडे बाजूला ठेवा आणि पिन काढा. न तापणारी इस्त्री आपला फक्त शर्ट चुरगळलेला ठेवते. न थांबणारी इस्त्री तेवढ्यावर भागवत नाही.

इंटरव्ह्यूचं काय झालं, असं विचाराल. सात जणींपैकी पाच जणी चुरगळलेल्या शर्टात गेल्या, आणि त्यातल्या दोघींचं सिलेक्शन झालं. माझं नाही झालं. टेक्निकल राउंडला मला विचारलं होतं, "फ्यूज आणि थर्मल फ्यूजमध्ये फरक काय?" उत्तर मला आदल्या रात्रीपासून इतकं छान माहीत होतं की मी सात मिनिटं बोलत राहिले आणि पुढचे प्रश्न राहूनच गेले. असो!